उसाच्या रानात माती स्वतःहून किती नत्र देते? उबवून पाहू

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानाची माती तपासली, की अहवालात ‘उपलब्ध नत्र’ बहुतेक वेळा कमीच येते. हा आकडा परमँगनेटच्या पद्धतीने काढतात. सेंद्रिय नत्रातला सहज फुटणारा भाग रसायनाने किती सुटतो, एवढेच त्यातून कळते. जिवाणू तो भाग प्रत्यक्षात किती वेगाने मोकळा करतात, ते कळत नाही. वर्षानुवर्षे पाचट कुजवलेले, प्रेसमड घातलेले रान आणि शेजारचे पाचट जाळलेले रान यांत खरा फरक असतो तो या वेगाचा. तो मोजायचा तर माती हवेशीर ठेवून उबवावी लागते.

नमुना 0 ते 20 सेंमी खोलीचा, निदान दहा-बारा ठिकाणचा घ्यावा. तो उन्हात वाळवू नये. वाळलेली माती पुन्हा भिजली की मेलेल्या जिवाणूंचे नत्र एकदम सुटते आणि आकडा फुगतो. वाफशावरची माती हातानेच मोडून 4 मिमीच्या चाळणीतून काढावी. पाचटाचे तुकडे आणि मुळ्या वेचून टाकाव्यात, कारण त्या कुजवताना जिवाणू मातीतले नत्र स्वतःच खातात.

पुढचे काम पाण्याच्या हिशेबाचे. समजा मातीची जलधारणक्षमता 65 टक्के आहे. तिच्या 60 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम कोरड्या मातीला 39 ग्रॅम पाणी हवे. 20 ग्रॅम कोरड्या मातीला 7.8 ग्रॅम झाले. नमुन्यात आधीच 18 टक्के ओल असेल, तर 23.6 ग्रॅम ओली माती घ्यायची आणि 4.2 मिली पाणी वरून घालायचे. अशा सहा बाटल्या भराव्यात. माती दाबायची नाही. काळी माती चोपली की आतली हवा संपते आणि तयार झालेले नायट्रेट वायू होऊन उडते. बाटलीचे तोंड पातळ पॉलिथिनने बांधून ती 30 अंश सेल्सिअसला अंधारात ठेवावी, दर दोन-तीन दिवसांनी उघडावी, वजन करून घटलेले पाणी भरावे.

पहिला आठवडा मोजणीत धरू नये, त्यात चाळताना माती ढवळल्याचा परिणाम असतो. आठवडा संपला की तीन बाटल्या, आणि त्यानंतर 28 दिवसांनी उरलेल्या तीन, प्रत्येकी 100 मिली 2 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये (लिटरला 149 ग्रॅम) तासभर हलवून गाळाव्यात. मातीविना एक कोरा नमुनाही सोबत चालवावा. गाळणकागदातच अमोनियम असते, ते वजा करावे लागते.

अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही मोजावे. शेवटी अमोनियमच साठलेले दिसले तर नायट्रेट करणारे जिवाणू अडलेत: पाणी जास्त झाले किंवा माती क्षारपड आहे. बेरीज घटली तर पाचटाचे तुकडे राहिले किंवा हवा कोंडली. तीन बाटल्यांत मोठी तफावत असेल तर मिसळणी नीट झालेली नाही. असा आकडा वापरूच नये.

आता हिशेब. समजा बेरीज आठवड्याअखेर किलोला 18 मिलिग्रॅम होती, ती 28 दिवसांनी 32 झाली. 14 मिलिग्रॅम वाढ, म्हणजे दिवसाला 0.5. 20 सेंमी खोलीच्या एकरभर मातीचे वजन सुमारे 10 लाख किलो भरते, म्हणून किलोला 1 मिलिग्रॅम म्हणजे एकरी जवळपास 1 किलो. ही सोय फार छान आहे. पण शेत म्हणजे इनक्युबेटर नव्हे. तापमान 10 अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. सरासरी 25 अंश धरले तर 0.7 ने गुणावे. पाटपाण्याच्या दोन पाळ्यांत रान वाफशावर कायम नसते, त्यासाठी आणखी 0.7 धरले. दिवसाला 0.25 किलो उरते. लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंतच्या 112 दिवसांत 28 किलो.

हे 28 किलो खतातून वजा करायचे नाहीत. सुरू उसाची हेक्टरी 250 किलो (एकरी 100 किलो) नत्राची शिफारस ज्या प्रयोगांवरून ठरते, तिथली मातीही काही नत्र देतच होती. सगळे वजा केले तर तेच नत्र दोनदा मोजले जाते. म्हणून त्याच जातीच्या, प्रेसमड न घातलेल्या रानाची मातीही सोबत उबवावी. तिचे याच हिशेबाने 14 किलो आले, तर जास्तीचे 14. पुढे वेग घटत जातो, काही नत्र पाण्यासोबत खाली जाते. म्हणून आम्ही पहिल्या वर्षी त्यातलेही निम्मेच, 7 किलो, कमी करू.

ते कुठून? मोठ्या बांधणीच्या 40 टक्के हप्त्यातून, कारण तोवर मातीचे नत्र मिळून गेलेले असते. 40 ऐवजी 33 किलो, म्हणजे युरिया 87 ऐवजी 72 किलो. चार सऱ्यांना मात्र पूर्ण मात्रा द्यावी आणि तोडणीला त्यांचे वजन वेगळे घ्यावे. त्या सऱ्यांचा ऊस स्पष्ट जास्त भरला, तर पुढच्या वर्षी ही कपात मागे घ्यावी. अहवालातल्या ‘कमी’ नत्रापोटी मात्रा आधीच वाढवली असेल, तर दोन्ही दुरुस्त्या एकत्र लावू नयेत.