आकरमानचे सूत्र आणि तिसऱ्या ऑर्डरच्या प्लांटचे स्टेट फीडबॅक गेन

आकरमानचे सूत्र हे एकाच इनपुटच्या रेषीय प्लांटसाठी स्टेट फीडबॅकचे गेन थेट काढून देणारे सूत्र आहे. बंद लूपचे पोल कुठे हवेत ते आधी ठरवायचे आणि प्लांटच्या `A` व `B` मॅट्रिक्समधून गेनची ओळ `K` एका झटक्यात मिळवायची, एवढेच त्याचे काम. जर्मन अभियंता युर्गेन आकरमान यांनी ते १९७२ मध्ये मांडले. नियंत्रण नियम `u = -Kx` असा असेल, तर तिसऱ्या ऑर्डरसाठी सूत्र असे आहे:

```
K = [0 0 1] * inv(C) * phi(A)
C = [B  AB  A^2 B]
phi(A) = A^3 + a2*A^2 + a1*A + a0*I
```

यात `C` ही कंट्रोलेबिलिटी मॅट्रिक्स आहे, तर `phi` ही हव्या असलेल्या पोलांची बहुपदी. फक्त `s` च्या जागी `A` घातलेली. पाठ्यपुस्तकांत सूत्र याच रूपात छापलेले असते आणि विद्यार्थी ते याच रूपात सोडवायला बसतात: आधी `C` चा पूर्ण व्यस्त, मग `A` चा घन, मग तीन-तीनच्या मॅट्रिक्सचे गुणाकार. एवढे काहीच करावे लागत नाही. डावीकडची `[0 0 1]` ही ओळ व्यस्त मॅट्रिक्समधली फक्त शेवटची ओळ उचलते. त्या ओळीला `q` म्हणू. मग सगळे काम एका ओळीला `A` ने तीनदा गुणण्यापुरते उरते.

`q` म्हणजे नेमके काय

`q` ची व्याख्याच `qC = [0 0 1]` अशी आहे. म्हणजे `qB = 0`, `qAB = 0` आणि `qA^2B = 1`. आता `z = qx` हे एक नवे आउटपुट मानून त्याचे एकामागून एक डेरिव्हेटिव्ह घ्या. पहिल्या डेरिव्हेटिव्हमध्ये `qB` शून्य असल्याने इनपुट दिसत नाही, दुसऱ्यातही दिसत नाही. तिसऱ्यात ते पहिल्यांदा येते, आणि तेही बरोबर १ या गुणकासह:

```
z'   = qA x
z''  = qA^2 x
z''' = qA^3 x + u
```

म्हणजे `q` ने प्लांटच्या आत लपलेली तीन इंटिग्रेटरांची साखळी शोधून दिली. `u` मधून `qA^3 x` वजा केले की जुनी गतिकी पुसली जाते, आणि `a2 z'' + a1 z' + a0 z` हेही वजा केले की हवी ती गतिकी बसते. या दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या की आकरमानचे सूत्रच समोर येते. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही साखळी डोळ्यांसमोर ठेवलेली बरी. पुढचे उदाहरण त्याच वाटेने सोडवले आहे.

उदाहरण: डीसी मोटरचा कोन

आर्मेचरला दिलेल्या व्होल्टेजने शाफ्टचा कोन धरून ठेवायचा आहे. तीन स्टेट: कोन, कोनीय वेग आणि आर्मेचरचा करंट. आकडे हाताने सोडवायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. जडत्व ०.२५ किलोग्रॅम-मीटर वर्ग, घर्षण गुणांक ०.२५, टॉर्क आणि बॅक-ईएमएफ स्थिरांक दोन्ही ०.५, रोध २ ओहम, इंडक्टन्स ०.५ हेन्री. छोट्या मोटरसाठी हे इंडक्टन्स फारच मोठे आहे, पण ते नगण्य मानले असते तर प्लांट दुसऱ्या ऑर्डरचाच राहिला असता.

```
A = [0  1  0;  0 -1  2;  0 -1 -4]
B = [0; 0; 2]
```

मूळ प्लांटची बहुपदी `s(s^2 + 5s + 6)`, म्हणजे पोल ०, -२ आणि -३ वर. शून्यावरचा पोल कोनाचा आहे: व्होल्टेज काढून घेतले की शाफ्ट जिथे थांबेल तिथेच राहील, मूळ जागी परत येणार नाही.

आता `AB = [0; 4; -8]` आणि त्याला पुन्हा `A` ने गुणून `A^2B = [4; -20; 28]`.

```
C = [0  0   4
     0  4 -20
     2 -8  28]
```

डिटरमिनंट -३२, शून्य नाही, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. `q = [q1 q2 q3]` काढायला व्यस्ताची गरज नाही. पहिल्या कॉलमवरून `2*q3 = 0`, दुसऱ्यावरून `4*q2 - 8*q3 = 0`, तिसऱ्यावरून `4*q1 = 1`. म्हणून `q = [0.25 0 0]`. म्हणजे `z` हा कोनाचा चौथा हिस्सा निघाला. हे अपेक्षितच होते, कारण व्होल्टेज आधी करंट बदलते, करंट वेग बदलतो आणि वेग कोन. साखळीच्या शेवटी कोनच आहे.

पुढची पायरी ओळी काढण्याची. प्रत्येक वेळी आधीच्या ओळीला उजवीकडून `A` ने गुणायचे:

```
q     = [0.25   0      0  ]
qA    = [0      0.25   0  ]
qA^2  = [0     -0.25   0.5]
qA^3  = [0     -0.25  -2.5]
```

पोल निवडण्याआधी इथे थांबून एक तपासणी करावी; बहुतेक जण ती करत नाहीत. केली-हॅमिल्टन प्रमेयानुसार `A` स्वतःची बहुपदी पूर्ण करते, त्यामुळे `qA^3 + 5qA^2 + 6qA` ही ओळ शून्य यायलाच हवी. मधला आकडा -०.२५ - १.२५ + १.५ = ०, शेवटचा -२.५ + २.५ = ०. बरोबर. गुणाकारात कुठे चिन्ह चुकले असेल तर ते इथेच पकडले जाते. दुसऱ्या शब्दांत, प्लांटचे स्वतःचेच पोल मागितले तर सूत्राने `K = 0` द्यायला हवे.

आता पोल. कोनाची हालचाल साधारण २ सेकंदांत स्थिरावावी आणि ओव्हरशूट किरकोळ असावा म्हणून प्रभावी जोडी `-2 ± 2j` वर ठेवू. तिचा डॅम्पिंग रेशो ०.७०७, म्हणजे ओव्हरशूट सुमारे ४ टक्के. तिसरा पोल -१० वर, जोडीपासून पुरेसा लांब.

```
(s + 10)(s^2 + 4s + 8) = s^3 + 14 s^2 + 48 s + 80
K = qA^3 + 14 qA^2 + 48 qA + 80 q
  = [20  8.25  4.5]
```

मधला आकडा -०.२५ - ३.५ + १२ = ८.२५ आणि शेवटचा -२.५ + ७ = ४.५ असा आला. शेवटचे पद `80 q` आहे, हे नीट पाहावे. पूर्ण मॅट्रिक्सने काम करणारे तिथे `80*I` ऐवजी नुसते `80` टाइप करतात. मॅटलॅब तो आकडा मुकाट्याने मॅट्रिक्सच्या प्रत्येक घरात मिळवते, कसलीही एरर देत नाही आणि गेन चुकतात. इथे तसे केले तर पहिला गेन २० च राहील, पण `K` चे पुढचे दोन आकडे २० ने वाढलेले दिसतील, म्हणजे दुसरा आणि तिसरा गेन चुकून २८.२५ आणि २४.५ होतील.

उत्तर तपासायचा सर्वांत झटपट मार्ग ट्रेसचा. मूळ पोलांची बेरीज -५ होती, आता -१४ हवी, फरक ९. तो फरक `B` आणि `K` च्या गुणाकारातून येतो: २ × ४.५ = ९. जुळले. पण एवढ्याने फक्त `k3` ची खात्री पटते. पूर्ण खात्रीसाठी `A - BK` ची शेवटची ओळ `[-40 -17.5 -13]` घेऊन बहुपदी काढावी:

```
s[(s+1)(s+13) + 35] + 80 = s^3 + 14 s^2 + 48 s + 80
```

मॅटलॅबमध्ये हेच काम `K = acker(A, B, [-2+2j -2-2j -10])` या एका ओळीत होते.

गेन मिळाले, पण ते परवडतात का

कोनाला संदर्भ `r` द्यायचा तर नियम `u = -Kx + 20r` होतो. संदर्भाचा गुणक `k1` एवढाच, कारण प्लांटमध्येच इंटिग्रेटर आहे आणि इष्ट कोनावर स्थिर असताना व्होल्टेज शून्य लागते. शाफ्ट थांबलेला असताना १ रेडियनची पायरी दिली की पहिल्याच क्षणी २० व्होल्ट मागितले जातात. पुरवठा १२ व्होल्टचा असेल तर ड्रायव्हर तिथेच अडतो आणि काळजीपूर्वक ठेवलेल्या पोलांचा त्या काळात काही संबंध उरत नाही.

घाई करायची किंमत याहून जास्त आहे. तिन्ही पोल दुप्पट लांब नेले, `-4 ± 4j` आणि -२०, तर गुणक २८, १९२ आणि ६४० होतात. ओळी त्याच आहेत, फक्त वजने बदलली: `K = [160 40.75 11.5]`. वेळ निम्मा झाला, पण १ रेडियनच्या पायरीसाठी पहिले व्होल्टेज आठपट, १६० व्होल्ट. तिसऱ्या ऑर्डरमध्ये `a0` हा तीन पोलांच्या गुणाकाराने ठरतो, म्हणून दोनाचा घन. पोल कुठे ठेवावे याबद्दल सूत्र काहीच सांगत नाही. कुठल्याही मागणीला ते तितक्याच शांतपणे गेन देते.

दुसरी उणीव भार लावल्यावर दिसते. शाफ्टवर ०.१ न्यूटन-मीटरचा स्थिर टॉर्क आला तर तो तोलायला ०.२ अँपिअर करंट आणि त्यासाठी ०.४ व्होल्ट लागतात. पण करंटचा फीडबॅक त्याच वेळी ४.५ × ०.२ = ०.९ व्होल्ट वजा करतो. दोन्ही मिळून १.३ व्होल्ट कोनाच्या चुकीतूनच यायला हवेत, म्हणून १.३ ÷ २० = ०.०६५ रेडियन, जवळपास ३.७ अंशांचा फरक कायम राहतो. पोल अगदी हवे तिथे असूनही शाफ्ट हव्या जागी नाही. उपाय म्हणजे कोनाच्या चुकीचा इंटिग्रल चौथे स्टेट म्हणून घालायचा आणि चार ओळींनी हीच पद्धत पुन्हा करायची.

प्लांटचे आकडे थोडे चुकले तर मात्र या उदाहरणात फारसे बिघडत नाही. वाइंडिंग तापून रोध २ चा २.५ ओहम झाला तर बहुपदी `s^3 + 15s^2 + 49s + 80` होते. प्रभावी जोडी सुमारे `-1.86 ± 1.91j` वर सरकते, तिसरा पोल -११.३ वर जातो. ही सहनशीलता सूत्राची देणगी नाही. `C` चा डिटरमिनंट शून्यापासून लांब होता म्हणून ती मिळाली.

टॉर्कचा दुवाच कमजोर असता, म्हणजे `A` मधला २ हा आकडा ०.०२ असता, तर `q1` ०.२५ ऐवजी २५ झाला असता आणि त्याच पोलांसाठी `k1` २० ऐवजी २०००. दुवा पूर्ण तुटला की `q` अस्तित्वातच नसतो. गेन अवाच्या सवा मोठे येऊ लागले की आधी `C` कडे पाहावे, पोलांकडे नंतर.

मोठ्या ऑर्डरच्या प्लांटवर हा त्रास संगणकाच्या हिशोबातच शिरतो, कारण `B`, `AB`, `A^2B` हे कॉलम पुढेपुढे एकाच दिशेला झुकत जातात आणि व्यस्त काढताना अंक गळतात. म्हणून तिथे `acker` ऐवजी `place` वापरतात. मात्र एका इनपुटच्या प्लांटवर `place` एकाच जागी दोन पोल ठेवू देत नाही. आकरमानच्या सूत्राला ती अडचण नाही: तिन्ही पोल -५ वर हवे असतील तर वजने १५, ७५ आणि १२५ घ्यायची आणि वरच्याच चार ओळी वापरायच्या.