अंतरपाट, अक्षता आणि मंगलाष्टके

मराठी लग्नात मुहूर्त भरेपर्यंत वधू-वरांच्या मध्ये धरलेला पडदा म्हणजे अंतरपाट. कोरे पांढरे उपरणे किंवा रेशमी वस्त्र, त्यावर मधोमध कुंकवाचे स्वस्तिक, आणि दोन टोके दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांच्या हाती. मामा नवरीला गौरीहराजवळून बोहल्यावर आणतो, तोवर अंतरपाट धरलेला असतो. ती हार घेऊन खाली मान घालून उभी राहते, पाठीशी करवली कऱ्हा आणि दिवा घेऊन. समोरच्या नवरदेवाला दिसलीच तर पडद्याखालची तिची पावलेच दिसतात.

मग मंगलाष्टके सुरू होतात. नावात आठ असली तरी मुहूर्ताच्या सोयीने कमीजास्त म्हणतात. ती बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात: ओळीला 19 अक्षरे, बाराव्यावर थांबा. चाल सगळ्यांच्या कानात बसलेली, त्यामुळे आत्या-मावश्याही नवरा-नवरीची नावे गुंफून घरचे मंगलाष्टक रचतात. प्रत्येक कडव्याअखेर ‘शुभमंगल सावधान’ येते. घटका भरत आली, लक्ष द्या, असा तो इशारा. रामदासस्वामी हाच शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे.

पूर्वी वेळ घटिकापात्राने पाहत. तळाला छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती 24 मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली. आता भटजींचे लक्ष घड्याळाकडे असते. समजा मुहूर्त 12 वाजून 24 मिनिटांचा आहे. संथ चालीत एका कडव्याला मिनिट-सव्वा मिनिट लागते, म्हणून सव्वाबाराच्या आत पहिले कडवे सुरू व्हायला हवे. हौशी गाणारे जास्त निघाले तर भटजी त्यांना हाताने थांबवतात आणि 12:23 च्या सुमारास स्वतः ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू करतात. इथे वृत्त बदलते, ओळी आखूड होतात. क्षण आला हे ओळखायची खरी खूण हीच. श्लोक संपतो, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजू लागते आणि हार घातले जातात.

अक्षता म्हणजे न तुटलेले, कुंकू लावलेले तांदूळ. कणी चालत नाही, कारण अ-क्षत म्हणजे अखंड. कुंकवात पाणी जास्त झाले तर त्यांचे गोळे होतात आणि हातही रंगतात. सोलापूरकडे ज्वारीच्याही अक्षता असतात. प्रत्येक ‘सावधान’ला चार-चार दाणेच टाकावेत. पहिल्याच कडव्याला मूठ रिकामी केली तर ऐन वेळी आशीर्वादाला हातात काही उरत नाही. त्या डोक्यावर हळुवार पडाव्यात. लांबून भिरकावलेला दाणा डोळ्यात जातो.

अंतरपाट दूर झाला की लोक ‘लग्न लागले’ म्हणतात आणि पंगतीकडे वळतात. विधी मात्र पुढे चालूच असतात: कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, सप्तपदी असलेला विवाह सातवे पाऊल पडल्यावर पूर्ण होतो.