रशियातल्या कंपनीत राजीनामा : अर्ज परत येतो तो तारखेपायी

मॉस्कोत सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून काम करणारी आपली मुलं राजीनामा द्यायला निघाली की आधी लांबलचक ईमेल लिहितात. टीमचे आभार, काय शिकायला मिळालं, सगळं त्यात. मग एचआरकडून उत्तर येतं, 'ज़ायाव्लेनिये द्या.' म्हणजे सहीचा अर्ज. रशियाच्या कामगार संहितेचं कलम 80 लेखी सूचना मागतं आणि साध्या ईमेलवर कंपनी अडून बसू शकते. कंपनीत अधिकृत इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज प्रणाली असेल तर गोष्ट वेगळी.

अर्ज अगदी छोटा असतो. वर उजवीकडे संचालकाचं आणि तुमचं नाव व हुद्दा, मध्ये शीर्षक, खाली तारीख आणि सही. मजकूर एवढाच :

```
Прошу уволить меня по собственному желанию 31 июля 2026 года.
```

'स्वेच्छेने मला 31 जुलै 2026 रोजी कामावरून मुक्त करावे,' असा याचा अर्थ. शब्द विनंतीचे असले तरी ही परवानगी मागणं नव्हे. साहेबाने 'मंजूर नाही' म्हटलं तरी मुदत थांबत नाही.

घोळ होतो तो तारखेपाशी. बरेच जण तारखेआधी `с` लिहितात, म्हणजे '31 पासून'. मग शेवटचा दिवस 30 की 31, यावर वाद. `с` गाळा. लिहिलेली तारीख हाच कामाचा शेवटचा दिवस.

दुसरी चूक मोजणीची. कायद्याने किमान दोन आठवडे आधी सांगावं लागतं, आणि ते मोजायचे कंपनीला अर्ज मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. 30 जूनला अर्ज पोचला तर मोजणी 1 जुलैपासून आणि किमान मुदत 14 जुलैला संपते. डेव्हलपरला महिन्याची सक्ती नाही. ती संस्थेच्या प्रमुखाला असते. तुम्ही आपणहून महिना देत असाल तर 'एका महिन्यानंतर' असं मोघम लिहू नका, तारीखच घाला. मग तुमच्या संमतीशिवाय कंपनी तुम्हाला 14 तारखेला मोकळं करू शकत नाही, म्हणजे जुलैचा पगार बुडत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हणणाऱ्या टेबलावर प्रत टाकून आलात, तर 30 जून सिद्ध कशाने करणार? प्रत घेतच नसतील तर पोस्टाने मूल्य घोषित केलेलं पत्र पाठवा, सोबत आतल्या कागदांची यादी शिक्का मारून घ्या. मात्र तेव्हा पत्र पोचल्याचा दिवस धरतात, म्हणून ते आठवडाभर आधी पाठवा.

मन बदललं तर मुदत संपेपर्यंत अर्ज मागे घेता येतो. फक्त तुमच्या जागी कोणाला लेखी बोलावलेलं असेल आणि कायद्याने त्याला नकार देता येत नसेल, तर नाही. शेवटच्या दिवशी उरलेला पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे आणि नोकरीच्या नोंदीचा कागद मिळायलाच हवा. वर्क परमिट याच कंपनीच्या नावावर असेल, तर तारीख ठरवण्याआधी त्याचं काय होणार ते विचारून घ्या.

आणि आभार? ते अर्जात नकोत. शेवटच्या आठवड्यात टीमला वेगळा ईमेल करा, तिथे हवं तितकं लिहा.