निष्काळजीपणाचा खोटा ठपका: ‘कारणे दाखवा’ नोटिशीला खुलासा कसा द्यावा

नोटीस हातात पडली की आमच्याकडे येणारे लोक बहुधा दोनपैकी एक कागद घेऊन येतात. एक, रागाच्या भरात लिहिलेली चार पानं. दुसरा, ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफ करावे’ एवढ्या दोन ओळी. आमच्या मते दुसरा कागद जास्त घातक. चूक तुमची नसताना, प्रकरण मिटावं म्हणून लिहिलेली ती ओळ पुढे चौकशीत कबुली म्हणून वाचली जाते.

उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात दुसऱ्या पाळीच्या डाईंग ऑपरेटरला नोटीस आली: ‘मशिनकडे दुर्लक्ष केल्याने लॉटची शेड फिकी आली. तीन दिवसांत खुलासा द्यावा.’ खरी गोष्ट अशी की त्या रात्री बॉयलरची वाफच कमी पडली होती आणि 60 अंशांना बसणारा रंग नीट बसलाच नाही. त्याच्या खुलाशातला मुख्य परिच्छेद असा असावा:

‘त्या दिवशी दुपारी 4 ते रात्री 12 मी मशिन क्र. 3 वर हजर होतो. रात्री 8.40 ला वाफेचा दाब पडला. त्याची नोंद मी लगेच लॉगबुकात केली व 8.45 ला पाळी पर्यवेक्षकांना फोनवर कळवले. 9.20 पर्यंत तापमान 51 अंशांवर आले. ही दुसरी नोंद करायची माझ्याकडून राहिली. मात्र मी मशिन सोडले नाही. त्यामुळे दुर्लक्षाचा आरोप मला मान्य नाही.’

राहिलेली नोंद त्याने स्वतःहून सांगितली, ते बरं केलं. लॉगबुक उघडल्यावर ती दिसणारच होती. लपवली असती तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवला नसता. ‘बॉयलरवाल्याने हयगय केली’ असं मात्र त्याने लिहिलेलं नाही. दाब का पडला हे त्याने पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते खुलाशात येऊ नये.

शेवटी कागद मागावेत: लॉगबुकाच्या त्या पानाची प्रत, बॉयलर हाउसची त्या रात्रीची नोंदवही, शेड तपासणीचा अहवाल. पर्यवेक्षक फोन आल्याचं नाकारू शकतात, म्हणून मोबाइलमधल्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. हे कागद मिळेपर्यंत मुदत पुरणार नसेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदतीच्या आत, लेखी द्या. पण तोवर गप्प बसू नका. आरोप अमान्य असल्याचं त्याच अर्जात लिहा.

खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

आमच्याकडे येताना नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही आणा. मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची असेल, तर पोस्टाचा शिक्का तिथेच असतो.