तुपकट, फिकट शी : तीन दिवसांचा डबा आम्ही का मागतो

डॉक्टरांची 'स्टूल फॅट'ची, म्हणजे शीतली चरबी मोजण्याच्या तपासणीची, चिठ्ठी घेऊन तुम्ही फोंड्याच्या आमच्या लॅबमध्ये येता आणि आम्ही नेहमीच्या डबीऐवजी मोठा, घट्ट झाकणाचा डबा हातात देतो. बरेच जण संकोचतात, काही जण चिडतातही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

जेवणातलं खोबरेल, तूप, तळलेल्या बांगड्याचं तेल आतड्यात पोचतं तेव्हा त्याचे मोठे थेंब असतात आणि भोवती सगळं पाणी. चरबी पोटातून पुढे आली की पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं. पित्तातले क्षार त्या थेंबांचे बारीक थेंब करतात. पण तेल बारीक झालं म्हणजे पचलं असं नाही. ते फोडण्याचं काम स्वादुपिंडातलं लायपेज हे एन्झाइम करतं. चरबीच्या एका रेणूतून ते दोन मेदाम्लं सुटी करतं आणि एक मोनोग्लिसराइड मागे ठेवतं.

हे तुकडेही पाण्यात नीट विरघळत नाहीत. मग पुन्हा पित्तक्षार पुढे येतात. त्यांची तेलाकडे वळणारी बाजू आत आणि पाण्याकडे वळणारी बाहेर राहून इवलासा गोळा बनतो, तो मायसेल. मायसेल हे तुकडे आतड्याच्या भिंतीपर्यंत नेऊन देतो. जीवनसत्त्वं ए, डी, ई आणि के हीसुद्धा याच होडीतून पैलतीराला लागतात. प्रवासी उतरले की पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन यकृताकडे परततात आणि पुन्हा वापरले जातात.

आता बिघाड. फिकट आणि तुपकट या दोन तक्रारी एकत्र सांगितल्या जातात, पण त्यांची कारणं वेगळी असू शकतात. शीचा तपकिरी रंग पित्तातल्या बिलिरुबिनपासून येतो. खडा किंवा गाठ पित्तनलिकेत अडकली तर रंगच आतड्यात उतरत नाही आणि शी पांढऱ्या मातीसारखी होते. लायपेज मात्र चालू असल्याने बरीचशी चरबी तरीही शोषली जाते. खरा फटका जीवनसत्त्वांना बसतो, कारण मायसेलशिवाय त्यांना जवळपास वाटच नाही.

स्वादुपिंड थकलं तर उलटं होतं. पित्त येतं, पण तेल फुटतच नाही. ते तसंच खाली जातं, जीवनसत्त्वंही त्यातच विरघळलेली राहून बाहेर पडतात. शी ढीगभर, चकचकीत, उग्र वासाची होते, कमोडला चिकटते आणि चरबीच्या भारानेच फिकी दिसते. नुसती तरंगते म्हणून घाबरू नका, वायूमुळेही ती तरंगते. शिवाय स्वादुपिंडाची ताकद दहा टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत तेल दिसत नाही. म्हणून दिसलं तर उशीर करू नये.

एक उदाहरण मांडून पाहू. पन्नाशीचे गृहस्थ, बरीच वर्षं दारू, वर्षभर 'गॅस'च्या गोळ्या, वजन उतरलेलं. रोज सुमारे 100 ग्रॅम चरबीचा आहार ठेवून तीन दिवसांची सगळी शी जमवली. ती 1050 ग्रॅम भरली, त्यात चरबी 63 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 21. निरोगी माणसात ही 7 ग्रॅमच्या आत असते. बिलिरुबिन ठीक, पण शीतलं इलॅस्टेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं आणखी एक एन्झाइम, ग्रॅममागे 45 मायक्रोग्रॅम, जे 200 च्या वर हवं. म्हणजे दोष पित्तात नसून स्वादुपिंडात. जखमेचं रक्त लवकर थांबत नव्हतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर 1.6 आला, एरवी तो 1 च्या आसपास असतो. रक्त गोठायला जीवनसत्त्व के लागतं, ते शरीरात फारसं साठत नाही आणि त्याची टंचाई लवकर दिसते. रात्री स्कूटर चालवताना समोरचं अंधुक दिसणं ही ए ची खूण, हाडं दुखणं ही डी ची.

डॉक्टरांनी एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, उपाशीपोटी नव्हे, आणि आतले दाणे चावायचे नाहीत. पुढे फरक पडला का, हे पाहायला चरबीचीच तपासणी पुन्हा करावी लागते. इलॅस्टेज तुमच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचं मोजलं जातं, कॅप्सूलने ते बदलत नाही.

डब्याबाबत एवढंच: तीन दिवसांतली एकही शी सोडू नका, लघवी मिसळू देऊ नका, डबा थंड जागी ठेवा. आहार मुद्दाम हलका करू नका, खोबऱ्याची आमटी नेहमीसारखी चालू द्या, नाहीतर आकडा खोटा येईल. आणि शी पांढरी, लघवी गडद, डोळे पिवळे असतील, तर डबा राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.