उसाचे पाणी: पाळीच्या दिवसांकडून मुळांच्या खोलीकडे

करवीर, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात उसाला पाणी कधी द्यायचे हे बहुतेक ठिकाणी पाळी ठरवते. त्याला इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण सुरू केले, पुढे नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदीचे पाणी उपसून माळापर्यंत नेले. एका पंपावर शेकडो एकर, त्यामुळे वाटप क्रमाने, आणि पाणीपट्टी एकरावर. या व्यवस्थेत प्रश्न एकच उरतो: पाळी किती दिवसांनी? त्याचे ठरलेले उत्तरही सगळ्यांना पाठ आहे. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी.

या उत्तरात जमीन किती खोल आहे, मुळे कुठवर गेली आहेत आणि आधीचे किती पाणी अजून शिल्लक आहे, यांचा विचार नाही. हे तीन प्रश्न शंभरेक वर्षांत एकेक करून कसे पुढे आले, ते समजले की पाळीचे गणित आपल्या शेतापुरते तपासता येते.

जादा पाण्याचा धडा महाराष्ट्राला लवकर मिळाला. नीरा डाव्या कालव्यावर काळ्या जमिनीत ऊस वाढला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. 1932 साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. जमीन पाणी किती धरते आणि खाली किती सोडते, हे न पाहता दिलेले पाणी जमिनीचे नुकसान करते, ही जाणीव तेव्हापासूनची आहे. मोजायचे कसे, याची उत्तरे मात्र दुसरीकडे तयार होत होती.

1912 मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी पीक ज्या ओलाव्याला कोमेजते आणि पुन्हा सावरत नाही, ती पातळी वेगवेगळ्या जमिनींसाठी मोजली. 1931 च्या सुमारास कॅलिफोर्नियात फायमायर आणि हेंड्रिक्सन यांनी वरचे टोक पक्के केले: भरपूर पाणी दिल्यावर जादा पाणी निथळून जाते आणि एक-दोन दिवसांत जमीन ज्या ओलाव्यावर थांबते ती पातळी. आपल्याकडचा वाफसा साधारण याच्याच जवळपास असतो. भारी काळ्या जमिनीत निथळायला थोडे जास्त दिवस लागतात, एवढाच फरक. या दोन टोकांमधले पाणी पिकाच्या कामाचे. फळबागांवर काम करणाऱ्या या दोघांचे म्हणणे होते की, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत झाडाला पाणी सारख्याच सहजतेने मिळते. हा मुद्दा पुढे अनेक वर्षे वादाचा राहिला आणि शेवटी टिकला नाही.

तोवर हिशेबाची रीत आली होती. 1948 मध्ये हवामानशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेट यांनी जमिनीतल्या ओलाव्याकडे बँकेच्या खात्यासारखे पाहिले. पाऊस आणि पाणी जमा, पिकाचा वापर खर्च. न्यू जर्सीतल्या सीब्रुक फार्म्स या भाजीपाल्याच्या मोठ्या शेतीवर त्यांनी सिंचनाचे वेळापत्रक याच रीतीने बसवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पेनमन यांनी ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून रोजचे बाष्पीभवन काढण्याचे सूत्र मांडले, म्हणजे खर्चाची बाजूही भक्कम झाली.

खातेदाराने किती रक्कम काढेपर्यंत थांबायचे, हे ठरायचे राहिले होते. 1962 मध्ये आयोवात डेनमीड आणि शॉ यांनी मक्यावर केलेल्या प्रयोगाने ते दाखवून दिले. कडक उन्हाच्या दिवशी जमिनीत बराच ओलावा असतानाही मक्याचा पाणी वापर घसरू लागला. ढगाळ दिवशी मात्र जमीन जवळजवळ कोरडी होईपर्यंत तो पूर्ण चालू राहिला. सगळे उपलब्ध पाणी सारखे नाही आणि किती टक्के संपू द्यायचे हा आकडा हवेच्या मागणीप्रमाणे हलतो, हे त्यातून सिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1998 मध्ये काढलेल्या 56 क्रमांकाच्या पुस्तिकेत याचे साधे सूत्र दिले आहे. उसासाठी उपलब्ध पाण्यापैकी 65 टक्के संपू द्यावे, पण हा आकडा पिकाचा वापर रोज 5 मिलिमीटर असतानाचा. वापर त्याहून जितके मिलिमीटर जास्त, तितके 4-4 टक्के कमी करायचे. वापर कमी असेल तर तितकेच वाढवायचे.

आता हे आपल्या शेतात आणू. जानेवारीत लावलेला सुरू ऊस, मध्यम काळी जमीन, महिना मे. वाफशाला जमिनीत आकारमानाने 38 टक्के पाणी आणि कोमेजण्याच्या पातळीला 22 टक्के असे धरू. फरक 16 टक्के, म्हणजे एक मीटर खोलीत 160 मिलिमीटर. जिवंत मुळांचा मुख्य पसारा 60 सेंटिमीटरपर्यंत असेल तर उपलब्ध पाणी 96 मिलिमीटर. मेच्या उन्हात अशा उसाचा वापर रोज 6 मिलिमीटर धरला तर 65 ऐवजी 61 टक्के, म्हणजे सुमारे 58 मिलिमीटर संपेपर्यंत थांबता येते. 58 भागिले 6, नऊ-दहा दिवस. जुनी पाळी इथे बरोबर ठरते आणि ती अनुभवातून आलेली असल्यामुळे ठरायलाच हवी होती.

पण हेच शेत फेब्रुवारीत पाहा. उगवण नुकतीच झालेली, मुळे 30 सेंटिमीटरच्या आत. उपलब्ध पाणी निम्मे, 48 मिलिमीटर. पानोळा थोडा असल्यामुळे वापर रोज अडीच मिलिमीटरच धरू. सूत्र सांगेल त्यापेक्षा सावध राहून निम्मे पाणी संपू दिले, तर 24 मिलिमीटर. 24 भागिले अडीच, पुन्हा नऊ-दहा दिवस. दोन्ही वेळी दिवस तेच, पण गरज एकदा 58 मिलिमीटरची आणि एकदा 24 ची. पाळीत मात्र दोन्ही वेळी सरी तितकीच तुडुंब भरते. मे महिन्यात ते पाणी ऊस वापरतो. फेब्रुवारीत निम्म्याहून जास्त पाणी मुळांच्या खाली उतरते आणि बरोबर नत्रही घेऊन जाते. दिवस मोजणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण त्याचे दिवस चुकलेलेच नसतात. माझ्या मते कोल्हापूरच्या पाण्याचा सगळ्यात मोठा गळका भाग इथे, लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत आहे. लांब सरीत 24 मिलिमीटर सारखे पसरवणे कठीण असते, हे खरे. म्हणून त्या काळात सरी आखूड करणे किंवा एकाआड एक सरी भिजवणे उपयोगी पडते. ठिबक असेल तर अडचणच नाही.

मुळांच्या खोलीत उलटी चूकही होते. त्याच पुस्तिकेच्या तक्त्यात उसाची मुळे 1.2 ते 2 मीटर दिली आहेत, तीही कमाल खोली म्हणून. कुणी 1.2 मीटर हा आकडा तसाच उचलला तर वरच्या उदाहरणात थांबायची मर्यादा 117 मिलिमीटर होते आणि पाळी एकोणीस दिवसांवर जाते. मुळे 60 सेंटिमीटरवर असलेला ऊस तोवर ताणात गेलेला असतो. दुपारी शेंड्याची पाने गुंडाळतात आणि संध्याकाळीही उलगडत नाहीत. पुढे कांड्या आखूड निघतात, आणि त्या कांड्या नंतर कितीही पाणी दिले तरी लांब होत नाहीत. उसाची वाढ पाण्याचा वापर घसरण्याच्या थोडी आधीच मंदावते, म्हणून मी 61 टक्क्यांऐवजी निम्म्यावरच पाणी द्यावे या बाजूचा आहे. तेव्हा मेमधली पाळी आठ दिवसांची होते. खोलीचा आकडा तक्त्यातून घेऊ नये. बुडख्याजवळ फावड्याने हातभर खड्डा घेऊन पांढरी, कोवळी मुळे कुठवर दाट आहेत हे बघावे.

वाफशापेक्षा जमिनीत जितके पाणी कमी, ती तूट. तिची रोजची नोंद एका ओळीची असते:

आजची तूट = कालची तूट + पिकाचा वापर − उपयोगी पाऊस − मुरलेले पाणी

पाणी देऊन वाफसा आला की तूट शून्य. रोज 6 मिलिमीटरने ती सहाव्या दिवशी 36 होते. सातव्या दिवशी वळीव आला, पर्जन्यमापकात 30 मिलिमीटर, पण अर्ध्या तासात कोसळल्यामुळे बरेच पाणी बांधावरून गेले, तर 20 धरावे. तूट 36 अधिक 6, वजा 20, म्हणजे 22. निम्म्याची मर्यादा 48 धरली तर अजून चार दिवस हातात आहेत. पाऊस मोठा झाला तरी तूट शून्याखाली जात नाही. जादा पाणी पुढच्या पाळीसाठी साठत नाही, ते मुळांखाली गेलेले असते.

पाणी देताना तूट किती हेही याच नोंदीतून कळते. 48 मिलिमीटर म्हणजे एकराला सुमारे 194 घनमीटर. सरीने दिलेल्या पाण्यातले 60 टक्के मुळांपाशी मुरते असे धरले तर पंपातून 324 घनमीटर काढावे लागतात. सेकंदाला 10 लिटर देणाऱ्या पंपाला त्यासाठी नऊ तास लागतात. शेतीपंपाला आठ तास वीज असेल तर एकर एका दिवसात पुरा होत नाही, म्हणून मर्यादेच्या एक दिवस आधीच सुरुवात करावी.

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. पहिले ठिकाण भेगांचे. काळी जमीन फार वाळू दिली की भेगा पडतात आणि पहिल्या पाण्याचा मोठा भाग त्यांतून थेट खाली जातो, तेव्हा कागदावर तूट भरली तरी वरचा थर अर्धाच भिजलेला असतो. म्हणून पाणी दिल्यावर तीन-चार दिवसांनी मातीच्या गिरमिटाने 30 आणि 50 सेंटिमीटरवरची माती काढून मुठीत दाबावी. लाडू बांधला जातो आणि तळहात ओलसर होतो, तर जमीन भरलेली आहे. माती भुगा होऊन सुटत असेल तर नोंदवहीतला शून्य खोटा आहे आणि तूट हाताने वाढवून लिहावी.

दुसरे ठिकाण शिरोळकडच्या नदीकाठच्या पाणथळ शेतांचे. तिथे भूजल मीटर-दीड मीटरवर असते आणि केशाकर्षणाने खालून पाणी वर चढते. वहीत तूट 45 दिसते, पण 30 सेंटिमीटरवरच्या मातीचा लाडू होतो. अशा वेळी वहीपेक्षा माती खरी मानून पाणी पुढे ढकलावे. पण वर चढणारे ते पाणी बरोबर क्षार आणते आणि पृष्ठभागावर सोडून जाते, त्यामुळे पाळी लांबवल्याने ही जमीन सुधारत नाही. दोन मीटर खोल एक भोक पाडून त्यातली पाण्याची पातळी महिन्याला मोजावी. ती मुळांच्या थरापर्यंत येत असेल, तर त्या शेतात आधी चर किंवा भूमिगत निचरा करावा लागतो आणि त्यानंतरच वरचा हिशेब लागू होतो.