लेबल लिहून हवंय? आधी वस्तूचा फोटो पाठवा

संग्रहालयांकडून आमच्याकडे बहुतेक वेळा नोंदवहीतला उतारा येतो आणि खाली एक ओळ असते: 'जरा सोपं आणि छोटं करून द्या.' फोटो नसतो. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

वीरगळाचंच, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचंच घ्या. नोंदीत असतं: 'वीरगळ, बेसाल्ट, अंदाजे १२ वे-१३ वे शतक, सदर शिल्पाच्या अधोभागी युद्धप्रसंग.' मागे एकदा आम्ही सवयीने 'गायी सोडवताना' असं लिहून दिलं, कारण गुरांसाठी झालेल्या लढाया वीरगळांवर पुष्कळ दिसतात. नंतर फोटो आला, तर खाली घोडेस्वार! सगळं पुन्हा लिहिलं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजं आहेत. 'युद्धप्रसंग' या एका शब्दात हे सगळंच बसतं, आणि पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरी अडचण अशी की माणूस दगड वरून खाली पाहतो आणि वीरगळ वाचायचा असतो खालून वर. ते पहिल्याच वाक्यात सांगितलं नाही, तर पुढची माहिती वाया जाते. खाली गायी कोरलेल्या असतील, तर आम्ही असं लिहितो:

'हा दगड खालून वर पाहा. तळाशी गायी आहेत आणि त्यांच्यासाठी लढताना पडलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावरचे चंद्र-सूर्य म्हणजे, ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. त्याचं नाव मात्र कोरलेलं नाही. १२ वे-१३ वे शतक.'

सावकाश मोठ्याने वाचलं तरी साधारण अर्धा मिनिट लागतो. पाहणारा मिनिटभर थांबला, तर उरलेला अर्धा मिनिट मान वर करून दगड पाहायला.

'माहिती पातळ केलीत' असं अभ्यासक म्हणतात. मापं, दगडाचा प्रकार, नोंदणी क्रमांक आम्ही फेकत नाही. ते खाली बारीक अक्षरात जातं. शैव परंपरेवरचा परिच्छेद मात्र पुस्तिकेत शोभतो. (पुस्तिकाही आम्ही करतो, पण तो वेगळा विषय.) मजकूर पक्का झाल्यावर समितीतल्या प्रत्येकाने एकेक वाक्य परत घातलं, की लेबल पुन्हा नोंदवहीसारखं होतं. म्हणून दोन दुरुस्त्या आमच्या दरात धरलेल्या आहेत, तिसरीचे वेगळे पैसे पडतात.

छापण्याआधी दगड कधीच न पाहिलेल्या एकाला आम्ही लेबल वाचायला देतो आणि दगडासमोर उभं करतो. त्याचं बोट आपणहून तळाच्या कप्प्याकडे गेलं नाही, तर पहिलं वाक्य बदलतो.

फोटो मोबाईलवरचे चालतील: एक पूर्ण दगडाचा, एकेक प्रत्येक कप्प्याचा. समोरून फ्लॅश मारू नका, झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च धरा. आणि लेबल जिथे लागणार त्या जागेचाही एक काढा, म्हणजे अक्षर किती मोठं हवं ते आम्हाला कळेल.